पडदा नेमका कुठे अडतो? आयलेटची कडी, चुण्यांचे हूक आणि रॉडच्या रिंगा

आमच्या बैठकीच्या खोलीची खिडकी पश्चिमेकडे आहे. नागपुरात पश्चिमेची खिडकी असणाऱ्यांना यापुढचे वर्णन करण्याची गरज नाही. मार्चपासून दुपारी दोनला पडदा ओढायचा, ऊन उतरल्यावर उघडायचा आणि नवतपा सुरू झाला की दिवसभर बंद ठेवायचा, हा क्रम ठरलेला असतो. दोन वर्षांपूर्वी त्या खिडकीला जाड, तीन पदरी विणीच्या ब्लॅकआउट कापडाचे तयार आयलेट पडदे, म्हणजे वरच्या पट्टीत बसवलेल्या कड्यांतून रॉड ओवायचे पडदे, लावले आणि पहिल्याच उन्हाळ्यात तक्रार सुरू झाली. पडदा अर्ध्यापर्यंत सहज येई, शेवटच्या हातभर अंतरात अडे, आणि जोर लावून ओढला की एखाद्या आयलेटचे दोन अर्धे एकमेकांपासून सुटून खाली पडत. ते आयलेट आम्ही तीनदा बदलून घेतले. प्रत्येक वेळी महिनाभर बरे चालले आणि पुन्हा तेच झाले.

ज्यांच्याकडे हाच प्रकार वारंवार घडतो त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आयलेट बदलणे, रॉडवर मेण घासणे किंवा तेलाचे बोट फिरवणे हे उपाय बहुधा सगळे करून पाहतात. तेल तर मुळीच लावू नये, कारण आपल्याकडची उन्हाळ्यातली बारीक धूळ त्यावर बसते, तिचा काळा लेप होतो आणि तो आयलेटभोवतीच्या कापडात उतरतो. कोरड्या फडक्याने रॉड पुसणे आणि फार तर मेणबत्ती हलकी फिरवणे ठीक आहे, पण अडण्याचे कारण घर्षण नसून मांडणी असेल, तर हे सगळे वरवरचे ठरते.

माझ्या अनुभवात एक गोष्ट सर्वांत उपयोगी पडली. पडदा अडतो की नाही यापेक्षा तो कोणत्या जागी अडतो, हे आधी नीट पाहावे. दोन्ही बाजूंचे पडदे चार-पाच वेळा सावकाश उघडून बंद करावेत आणि जिथे हाताला अडथळा जाणवेल तिथे भिंतीवर पेन्सिलीने बारीक खूण करावी. खुणा एकाच ठिकाणी पडल्या, तर दोष रॉडमध्ये आहे. बाजारात मिळणारे बरेच रॉड एका नळीत दुसरी नळी सरकणारे असतात, आणि जिथे जाड नळी संपून बारीक नळी सुरू होते तिथे कडेला एक पायरी तयार होते. बारीक भागावरून जाड भागावर जाताना कडी त्या पायरीला धडकते, उलट दिशेने मात्र सहज जाते, यावरून ती ओळखता येते. हा जोड मधल्या ब्रॅकेटपाशी आणला की कोणतीही कडी त्यावरून जात नाही आणि प्रश्न मिटतो.

खुणा रॉडच्या मधल्या भागात विखुरलेल्या असतील आणि उघडे ठेवलेले पडदे आपोआप मध्याकडे घसरत असतील, तर रॉड वाकला आहे असे समजावे. दोन टोकांना दोरा ताणून बांधला की मध्ये किती झोल आहे ते लगेच दिसते. साडेसहा फुटांच्या आमच्या रॉडला जाड कापडाच्या वजनाने सव्वा सेंटिमीटरचा झोल आला होता. मधे तिसरे ब्रॅकेट लावून तो काढला, पडदे मध्याकडे घसरणेही थांबले, पण शेवटच्या हातभरातले अडणे तसेच राहिले. म्हणजे झोल हा आमच्या दुखण्याचा एक भाग होता, मूळ नव्हे.

मूळ कारण गांधीबागेतल्या एका पडदे शिवणाऱ्या कारागिराने सांगितले. घरी येऊन त्यांनी पडदा एकदा ओढला, रॉडकडे वर पाहिले आणि म्हणाले, “रॉडला काही नाही झालं भाऊ, कपडाच कमी पडून राहिला.” कापड कमी पडल्याने पडदा विरळ दिसेल, हे मला समजत होते. पण त्याने पडदा अडेल कसा, हे तेव्हा कळले नाही. ते समजून घेण्यासाठी त्यांनी स्वयंपाकघरातून लाटणे मागवले आणि बायकोच्या हातातली एक बांगडी मागून घेतली.

बांगडी लाटण्यावर आडवी, म्हणजे काटकोनात धरली, तर ती लाटण्यावरून सैल सरकते. तीच हळूहळू कलती करत लाटण्याला समांतर आणू लागलो की तिची फट अरुंद होत जाते, आणि एका कोनाला तिच्या दोन विरुद्ध कडा लाटण्याला दोन्हीकडून चावतात. आता कितीही ढकला, ती सरकत नाही, उलट जास्तच घट्ट बसते. आयलेटची कडी कापडात पक्की बसवलेली असते, म्हणून कापड ज्या कोनात रॉडला छेदते त्याच कोनात कडीही असते. पडदा एका बाजूला गोळा केलेला असताना कापडाच्या घड्या रॉडला जवळजवळ काटकोनात असतात आणि कड्या सैल फिरतात. पडदा पसरत गेला की घड्या उलगडतात, कापड रॉडला समांतर होऊ लागते आणि कड्या कलतात. म्हणूनच आयलेटचा पडदा उघडताना क्वचित अडतो आणि बंद करताना शेवटी शेवटी अडतो.

किती कापडाला किती कोन पडतो, याचा हिशेब अवघड नाही. आमचा रॉड 198 सेंटिमीटर लांब, आणि पडदे दोन, प्रत्येकी चार फुटांचे, म्हणजे मिळून 244 सेंटिमीटर. कापड रॉडच्या लांबीच्या जेमतेम 1.23 पट होते. इतक्या कमी कापडात पडदा पूर्ण बंद झाल्यावर ते रॉडशी साधारण 36 अंशांचा कोन करते, आणि त्या कोनात 40 मिलिमीटरच्या आयलेटची प्रत्यक्ष मोकळी फट सुमारे 23 मिलिमीटरच उरते. आमचा रॉड एक इंचाचा, म्हणजे 25 मिलिमीटरचा आहे. 23 मिलिमीटरच्या फटीतून 25 मिलिमीटरचा रॉड जात होता, याचा अर्थ आयलेटजवळचे कापड दर वेळी थोडे मुरगळून वाट करून देत होते. तो सगळा ताण कडीच्या दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या खाचांवर येत होता, आणि त्या सुटत होत्या. आयलेट निकृष्ट होते अशी माझी समजूत होती, ती चुकीची ठरली.

कापड रॉडच्या दीडपट असेल तर हीच फट 30 मिलिमीटरच्या जवळ जाते आणि दुप्पट असेल तर 34 च्या पुढे. म्हणून एक इंची रॉडवर आयलेटच्या पडद्यासाठी दीडपटीपेक्षा कमी कापड घेऊ नये, आणि जाड कापड असेल तर पावणेदोन पटीच्या आसपास जावे. कापड वाढवायचे नसेल तर पाऊण इंची, म्हणजे 19 मिलिमीटरचा रॉड लावला तरी कड्या मोकळ्या होतात. पण बारीक रॉड जड पडद्याखाली लवकर वाकतो, म्हणून हा उपाय पातळ पडद्यांनाच चालतो.

आमच्याकडे पहिला उपाय केला तो कापड वाढवण्याचा. त्याच जातीचा तिसरा पडदा आणला, तो मधोमध उभा कापला आणि प्रत्येक बाजूच्या पडद्याला एकेक अर्धा भाग जोडून घेतला. मूळ पडद्याला आठ आयलेट होते, अर्ध्या भागात चार आले, म्हणजे प्रत्येक बाजूला बारा झाले. आयलेटची संख्या सम असणे आवश्यक असते. ती विषम झाली तर पडद्याची एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे वळते आणि पडदा टोकाला सुटल्यासारखा दिसतो. कापड आता रॉडच्या 1.85 पट झाले आणि अडणे त्याच दिवशी थांबले.

ज्यांची तक्रार फक्त ओढताना अडण्याची आहे, त्यांचे काम इथेच झाले. आमच्याकडे मात्र दुसरी अडचण उभी राहिली, कारण कापड वाढले की उघड्या पडद्याचा गठ्ठाही वाढतो, आणि आमच्या खिडकीच्या डाव्या अर्ध्या भागाबाहेर कूलर आहे. कूलरच्या तोंडापुढे पडद्याची कड आली तर वारा अडतो, कापड फडफडते आणि दोन-चार दिवसांत ओलसर वास धरते. त्यामुळे पडदा उघडल्यावर तो काचेवरून पूर्ण बाजूला जाणे आमच्यासाठी दिसण्यापुरते नाही.

आयलेटचा गठ्ठा दोन दिशांनी मोजावा लागतो. रॉडच्या दिशेने आमच्या कापडाला दर आयलेटला सुमारे दोन सेंटिमीटर जागा लागते, म्हणून आठ आयलेटांचा गठ्ठा 16 आणि बारांचा 24 सेंटिमीटरचा झाला. खिडकी पाच फुटांची आणि रॉड तिच्या दोन्ही बाजूंना 23 सेंटिमीटर बाहेर, म्हणजे गठ्ठा जवळजवळ पूर्णपणे भिंतीवर बसत होता. या बाबतीत आयलेट खरोखर उत्तम असतात. घड्या एकसारख्या, उभ्या, पुस्तकाच्या पानांसारख्या एकमेकींना लागून बसतात आणि कमी रुंदीत मावतात.

दुसरी दिशा भिंतीकडची, आणि तिचा विचार ब्रॅकेट घेताना फारसा कोणी करत नाही. दोन आयलेटांमधले अंतर साधारण 15 सेंटिमीटर असते. पडदा गोळा झाला की त्याचा निम्मा भाग, सुमारे साडेसात सेंटिमीटर, रॉडच्या मागे भिंतीकडे जातो आणि तितकाच पुढे खोलीकडे येतो. आमच्या ब्रॅकेटमुळे रॉड भिंतीपासून सहाच सेंटिमीटरवर होता. त्यामुळे मागच्या घड्या भिंतीला आणि जाळीच्या चौकटीला टेकून चेपत, गठ्ठा नीट मिटत नसे आणि हात सोडला की थोडा परत उलगडत असे. पेन्सिलीच्या खुणा टोकाशी पडत असतील आणि उघडलेला पडदा मागे उसळत असेल, तर कारण हेच असते. आम्ही दहा सेंटिमीटर पुढे येणारी ब्रॅकेट लावली. त्यामुळे बाजूने येणारी उन्हाची तिरीप थोडी वाढली, ही त्याची किंमत.

एवढे करूनही आमच्या आईंची एक तक्रार राहिली, आणि ती रास्त होती. चोवीस आयलेटांचा जाड पडदा दिवसातून दोनदा ओढायला त्यांना जड जात होता. कड्या अडत नव्हत्या, पण आयलेटमध्ये प्रत्येक कडी ओढताना तिच्यासोबत कापडाची घडीही फिरवावी लागते, आणि कापड जितके ताठ तितका तो विरोध जास्त. चुण्यांचा पडदा आणि रॉडच्या रिंगा इथे वेगळ्या ठरतात. रिंग रॉडवर स्वतंत्रपणे, आपल्याच वजनाने काटकोनात लोंबते. तिच्या खालच्या लहान डोळ्यात चुणीमागचा हूक अडकवलेला असतो आणि हूकपाशी कापड हवे तसे वळू शकते. त्यामुळे कापड कमी असो वा जास्त, रिंगेचा कोन बदलत नाही आणि बांगडीचा प्रकार घडत नाही. रिंगेचा आतला व्यास रॉडपेक्षा किमान एक सेंटिमीटर मोठा असावा आणि आत नायलॉनचा पातळ थर असलेली मिळाली तर तीच घ्यावी, धातूवर धातू घासल्याचा खरखराट होत नाही.

त्याच कारागिराकडून आम्ही तेच पडदे चुण्यांचे करून घेतले. हे काम परवडते, पण त्यात उंची जाते, हे आधी लक्षात घ्यावे. आयलेटची वरची पट्टी नऊ सेंटिमीटर कापून टाकावी लागली आणि चुण्या ताठ राहाव्यात म्हणून दहा सेंटिमीटरचे बकरम, म्हणजे कडक कापडाची पट्टी, घालण्यासाठी तेवढेच कापड आत दुमडावे लागले, म्हणजे पडदा 19 सेंटिमीटरने आखूड झाला. दुसरीकडे आयलेटच्या पडद्याची वरची कड रॉडच्या वर येत असते, तर रिंगेला टांगलेला पडदा रॉडच्या खालून सुरू होतो, त्यामुळे तो सुमारे आठ सेंटिमीटर खाली उतरतो. निव्वळ तूट अकरा सेंटिमीटरची झाली. आमचे पडदे सात फुटी होते आणि खिडकी साडेचार फूट उंच, म्हणून ती खपली. जमिनीला टेकणाऱ्या पडद्यात ती खपणार नाही. रॉड चौकटीच्या अगदी लगत असेल तर रॉड आणि पडदा यांच्यामधल्या फटीतून उन्हाची आडवी पट्टी आत येते, म्हणून रॉड चौकटीपेक्षा टीचभर तरी वर हवा.

प्रत्येक बाजूचे कापड शिलाई जाऊन 178 सेंटिमीटर उरले. बंद पडदा 104 सेंटिमीटरचा हवा होता आणि बाहेरची सात सेंटिमीटर कड भिंतीकडे वळवून एका लहान हुकात अडकवायची होती, जेणेकरून बाजूची तिरीप थांबेल. उरलेले 67 सेंटिमीटर आठ चुण्यांत गेले. एका चुणीला आठ सेंटिमीटरपेक्षा थोडेच जास्त कापड येत असल्याने तीन पाकळ्यांऐवजी दोन पाकळ्यांची चुणी घातली. इतक्या कापडात तीन पाकळ्या घातल्या असत्या तर त्या खुज्या आणि कडक दिसल्या असत्या. चुण्यांमध्ये चौदा सेंटिमीटरची सपाट जागा राहिली. आठवी रिंग ब्रॅकेटच्या बाहेर, टोकाच्या बोंडाच्या आत ठेवली, म्हणजे पडद्याची बाहेरची कड ओढली जात नाही.

पहिल्या दिवशी पडदा उघडला तेव्हा गठ्ठा 35 सेंटिमीटरचा भरला आणि मला वाटले की फसलो. चुण्यांच्या पडद्यात मधल्या सपाट जागांनी कुठे वळायचे हे त्यांना शिकवावे लागते, कारण बकरम स्वतःहून वळत नाही. पडदा रॉडच्या खाली टांगलेला असेल तर या जागा मागे, खिडकीकडे दुमडाव्यात. प्रत्येक जागेचा मध्य दोन बोटांत धरून मागे चिमटायचा, सगळा गठ्ठा हाताने एकत्र करायचा आणि वर, मध्ये व खाली कापडाच्या रुंद पट्टीने सैल बांधून चार-पाच दिवस तसाच ठेवायचा. सुतळीने किंवा घट्ट बांधू नये, वळ उठतात. बांधणे सोडल्यावर आमचा गठ्ठा 28 सेंटिमीटरवर आला आणि तिथेच राहिला. यापेक्षा कमी तो होणार नाही, कारण दुहेरी बकरम आणि जाड कापड यांची आठही चुण्यांत प्रत्येकी साडेतीन सेंटिमीटर जाडी पडतेच.

म्हणजे त्याच कापडाचा आयलेटचा गठ्ठा 24 आणि चुण्यांचा 28. हा फरक कूलरच्या बाजूला सोसण्यासारखा नव्हता. मग आम्ही रॉडच सात सेंटिमीटर डावीकडे सरकवला. रॉड खिडकीच्या अगदी मधोमध असलाच पाहिजे असा काही नियम नाही. डावीकडे आता भिंतीवर 30 सेंटिमीटर जागा मिळते आणि पूर्ण गठ्ठा कूलरच्या तोंडापासून दूर बसतो. उजवीकडे मात्र बारा सेंटिमीटर काच झाकलेली राहते. त्या बाजूला पुस्तकांचे कपाट आहे, त्याला ऊन कमी लागले तर बरेच आहे. मधले ब्रॅकेट रॉडसोबत सरकले, कारण कोणतीही बंद कडी किंवा रिंग साध्या मधल्या ब्रॅकेटवरून जात नाही आणि दोन्ही पडदे तिथेच एकमेकांना भेटले पाहिजेत. फट राहू नये म्हणून प्रत्येक पडद्याची आतली कड शेवटच्या चुणीपुढे पाच सेंटिमीटर मोकळी ठेवली आहे.

शेजघरात आम्ही आयलेटच ठेवले. तिथे पातळ सुती पडदा आहे, कापड पावणेदोन पट आहे, दिवसातून एकदा ओढला जातो, आणि पलंगाच्या उशाशी चुण्यांच्या जाड गठ्ठ्यापेक्षा सपाट घड्या बऱ्या वाटतात. माझ्या मते आयलेट हलक्या कापडाला आणि कमी जागेला शोभतात, आणि रोज दोनदा ओढायच्या जड पडद्याला रिंगा. तयार आयलेट पडदे घेताना मात्र दुकानातला “चार फुटांचे दोन बस होतात” हा सल्ला सहा फुटांच्या रॉडसाठीही तसाच मिळतो, तेव्हा रॉडची लांबी कागदावर लिहून न्यावी.

रिंगांची एक खोड उरली आहे. पडद्याची आतली कड खालून, तिरकी धरून ओढली तर पहिली रिंग कलते आणि रॉडला चावते. आम्ही पहिल्या रिंगेच्या डोळ्यात हाताएवढी काठी अडकवून दिली आहे आणि आई आता तीच धरून पडदा ओढतात. नातू मात्र पडद्याला लोंबकळून ओढतो, आणि तेव्हा पहिली रिंग हमखास तिरकी होते.